कोरीव दगडावर इरेझर चालवू नका

फोनमधल्या इरेझरनं फोटोतला नको असलेला माणूस पुसला की त्याच्यामागे जे होतं ते दिसू लागतं, असा समज इतका पसरला आहे की त्याचा मला आता राग येतो. मागचं काहीही दिसत नसतं, कारण कॅमेऱ्यानं ते टिपलेलंच नसतं. आपण बोटानं जेवढा भाग घासतो तेवढा फोन काढून टाकतो आणि भोवतीचे रंग, रेषा, पोत बघून तिथं काय असू शकेल याचा अंदाज भरतो. गुगलनं ऑक्टोबर २०२१मध्ये पिक्सेल ६बरोबर मॅजिक इरेझर आणला, सॅमसंगच्या फोनवर ऑब्जेक्ट इरेझर आला, ॲपलनं २०२४मध्ये क्लीन अप दिलं. नावं वेगळी असली तरी या मूळ गोष्टीत फरक नाही. म्हणून फोन कोणता आहे याला माझ्या लेखी फार महत्त्व नाही. पुसलेल्या जागी अंदाज चालेल की नाही, एवढंच बघायचं. जाहिरातीत दिसतं ते मोकळं आकाश आणि समुद्रकिनारा, तिथं अंदाज चालतो. आपल्या जिल्ह्यात लोक फोटो काढायला जातात ती देवळं, किल्ले आणि कडे, आणि नेमका तिथंच तो चुकतो.

अकोले तालुक्यात रतनगडाच्या पायथ्याशी रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ आहे, ते उदाहरण घेऊ. त्याच्या शिखरावर छोट्या शिखरांच्या प्रतिकृती ओळीनं रचल्या आहेत आणि वर जाताना त्या आकारानं लहान होत जातात. भिंती आणि खांब कोरीव आहेत. समजा फोटोत एक विजेची तार आडवी गेली आहे, गवतावर पाण्याची रिकामी बाटली पडली आहे आणि एका खांबापुढे कुणी उभं आहे. तिन्ही एकाच झटक्यात पुसण्याचा मोह होतो, पण ही तीन वेगळी कामं आहेत. बाटली सहज जाते, कारण गवताची पाती इकडची तिकडे झाली तरी काही बिघडत नाही. फक्त तिची सावलीही घासायची, नाहीतर गवतावर कशाचीच नसलेली काळी रेघ उरते. आकाशापुढची तारही जाते. तीच तार शिखरापुढून जाते तिथं मात्र प्रत्येक प्रतिकृतीची कड तिनं छेदलेली असते आणि फोनला ती कड पुन्हा जोडावी लागते. वरची ओळ खालच्या ओळीहून थोडी लहान असायला हवी, हे गणित त्याला ठाऊक नसतं. तो शेजारचा तुकडा उचलल्यासारखा करून बसवतो आणि ओळ त्या जागी किंचित वाकते किंवा दोन प्रतिकृती एकमेकींत विरघळतात. खांबापुढच्या माणसाचं तर विचारूच नका. माणसामागे कोणती मूर्ती होती, कोणती नक्षी होती, की झिजलेला सपाट दगड होता, हे फोटोत कुठंही नाही. तरी फोन तिथं काहीतरी कोरून देतो, आणि ते कोणत्याही शिल्पकारानं घडवलेलं नसतं.

साध्या कापडाला केलेला रफू लपतो, काठापदराच्या नक्षीवर केलेला उघडा पडतो, तसंच हे आहे. जिथं भोवतालाला ठरलेली रचना नाही, तिथं इरेझर बिनधास्त वापरावा: आकाश, गवत, मातीचा रस्ता, लांबचं धुकं. जिथं रचना आहे, तिथं हात आखडावा. सलाबतखानाच्या मकबऱ्याला, म्हणजे लोक ज्याला चांदबिबीचा महाल म्हणतात त्याला, आठ बाजू आहेत आणि मजल्यांवर कमानी आहेत. कमानीत उभा माणूस पुसला की कमानीची एक बाजू दुसरीपेक्षा जाड होते. पाण्यातलं प्रतिबिंब ही आणखी एक फसवी जागा. पुष्करणीच्या काठावरचा माणूस पुसला आणि पाण्यातला राहिला, असे फोटो लोक न बघताच पुढे पाठवतात. कोकणकड्यावर तर याहून वाईट होतं. मागे नुसतं धुकं असल्यानं माणसाचं डोकं आणि खांदे छान पुसले जातात, पण पाय असतात कड्याच्या कडेवर. ते पुसताना फोन कड थोडी पुढे सरकवतो किंवा मागे घेतो. म्हणजे तो फोटो कड्याचा आकारच चुकीचा सांगतो.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं की नवी साधनं आता खूप सुधारली आहेत, आता काही कळतही नाही. माझी तक्रार तीच आहे. जुन्या साधनाचा डाग निदान दिसायचा. धूसर ठिगळ दिसलं की माणूस सावध व्हायचा. नवं साधन पटेल अशी नक्षी तयार करतं, त्यामुळे चूक तेवढीच राहते आणि ओळखणं तेवढं अवघड होतं. दुसरा आक्षेप असा, की फोटोग्राफर पूर्वीपासून फोटो दुरुस्त करत आलेच आहेत. आलेच आहेत, पण हातानं दुरुस्त करणाऱ्याला आपण कुठं काय भरलं हे माहीत असायचं. इथं भरणाऱ्यालाच ते माहीत नसतं. तिसरा आक्षेप मला मान्य आहे: घरच्या अल्बमसाठी काढलेल्या फोटोत खांबावरची नक्षी बदलली तर कुणाचं काही जात नाही. खरं आहे. अडचण अशी की फोटो घरच्या अल्बममध्ये राहत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवताना फाइलसोबतची माहिती गळून जाते, त्यामुळे तो पुसलेला आहे याची नोंद फोननं केली असली तरी पुढच्या माणसापर्यंत ती पोचत नाही. मग तोच फोटो देवळाची माहिती म्हणून गटागटांत फिरतो आणि कुणीतरी त्यातली नक्षी खरी धरून त्यावर लिहितो. ज्यांना पाठवण्याआधी फोटो एकदा मोठा करून बघण्याचीही तसदी घ्यायची नसते, त्यांच्यामुळे हे होतं, हे माझं मत मी मागे घेणार नाही.

बघायचं कसं, ते सांगतो. पुसल्यावर तो भाग दोन बोटांनी पूर्ण मोठा करा आणि तीन गोष्टी तपासा. दगडाचा खरखरीतपणा भोवती आहे तसाच आत आहे का, की भरलेला भाग गुळगुळीत झाला आहे? सरळ रेषा आत शिरून पलीकडे त्याच उंचीवर बाहेर येते का? आणि एकच भेग किंवा एकच दगड शेजारी पुन्हा उमटला आहे का? यातल्या एकाही तपासणीत गडबड दिसली तर पुसणं मागे घ्या. लांब तार एका फटक्यात पुसू नका, फोटो मोठा करून तुकड्यातुकड्यानं घासा आणि दगडाच्या कडेजवळ थांबा. शिखरावर उरलेली तार तशीच राहू द्या, ती तिथं खरोखर आहे. मूळ फोटो कधीही काढून टाकू नका.

याहून चांगला उपाय फोटो काढतानाच हाताशी असतो आणि तोच लोकांना नकोसा वाटतो. बाटली उचलून बाजूला ठेवा. खांबापुढे कुणी असेल तर दोन पावलं डावीकडे सरका, खांब मोकळा होईल. तेही जमत नसेल तर त्याच जागेवरून थोड्या थोड्या वेळानं तीन-चार फोटो काढा. माणसं हलतात, आणि खांबाचा झाकलेला भाग त्यातल्या एखाद्या फोटोत उघडा सापडतो. सकाळी लवकर पोचलात तर बहुतेक प्रश्न उरतच नाही. आणि एवढं करूनही कोरीव भागावरून माणूस पुसावाच लागला, तर फोटो पाठवताना खाली एक ओळ लिहा, की अमुक खांबापुढचा माणूस पुसला आहे, तिथली नक्षी खरी धरू नये.