वेडनेसडे

दौंड, रविवार रात्र

चि. पिंकीस,
अनेक आशीर्वाद.

न्हावऱ्याच्या मामींचा परवा फोन आला. म्हणाल्या, पिंकीने आईवर गोष्ट लिहिलीय, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात वाचणार आहे, मैत्रिणी ऐकूनच हसून लोळल्या. माझ्या पोटात गोळा आला. मग तुझ्या भावाकडून गोष्ट मोबाईलवर मागवली आणि चष्मा लावून दोनदा वाचली. तू आईला विचारलंस का? तिला वाचून दाखवलीस का? माझा जीव त्यातच अडकलाय.

गोष्टीतली बाई रात्री भांडी घासून लेकीचं पुस्तक उघडते, ‘वेडनेसडे’ म्हणते, ‘क्नाईफ’ म्हणते, लेक हसते. शेवटी पालकसभेत ती उभी राहून घडाघडा इंग्रजी बोलते आणि सगळे टाळ्या वाजवतात. पिंके, तुझ्या घरात असं घडलं नाही, हे तुला माहीत आहे. जे घडलं ते याहून मोठं आहे आणि नेमकं तेच तुझ्या हातून सुटलंय. म्हणून रागावले आहे.

तू पाचवीत होतीस. शाळेच्या डायरीत बाईंनी इंग्रजीत काहीतरी लिहून पाठवलं, पप्पा रांजणगावला सेकंड शिफ्टला, आणि ती ओळ वाचायला घरात कोणी नव्हतं. तुझ्या आईने सुरुवात केली ती त्या डायरीपायी. पण हाताशी पुस्तक कोणतं? तुझं, इंग्लिश मीडियमचं ‘इंग्लिश बालभारती’. ते पुस्तक धरून चालतं की मूल दिवसभर वर्गात इंग्रजी ऐकतंय. तिच्या कानावर दिवसभर कुकरची शिट्टी. मग तिने काय केलं, तर तू वाचायचीस आणि ती प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलने देवनागरी लिहायची. शी गोज टू द मार्केट. पान अख्खं भरलेलं. मागच्या दिवाळीत तिने ते पुस्तक कपाटातून काढून मला दाखवलं, अजून जपून ठेवलंय.

2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत मी हेच पाहत आले. वर देवनागरी असली की डोळा खाली उतरतच नाही. पोरं खडाखडा वाचतात, बघणाऱ्याला वाटतं आलं. ओळखायची खूण सोपी आहे. ओळीच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारायचं. तू एकदा असंच ‘मार्केट’वर बोट ठेवलंस, तर आई ओळीच्या सुरुवातीला गेली आणि तिथून मोजत मोजत आली. महिनाभर जागून तिने मराठीच वाचली होती. त्या रात्री तिने पुस्तक मिटलं, चार दिवस उघडलं नाही. हे चार दिवस तुझ्या गोष्टीत कुठे आहेत?

पाचव्या दिवशी तिने शेजारच्या पोराची दुसरीची जुनी प्रत मागून आणली, मराठी शाळेतली, ‘माय इंग्लिश बुक’. पानात शब्द थोडे, चित्रं मोठी, तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येणारे. आणि तुझ्या पुस्तकातली पेन्सिल तिने खोडरबराने पुसली. सगळी नाही, रोज एक ओळ. पुसलेली ओळ दुसऱ्या रात्री वाचता आली तरच पुढची पुसायची. ही रीत तिला कुणी शिकवली नव्हती. इतकी वर्षं खडू धरून मला ती सुचली नाही.

आता ‘वेडनेसडे’चं ऐक. वर ‘वेन्सडे’ लिहिलेलं होतं तोवर ती बरोबरच म्हणायची. पुसल्यावर चुकायला लागली. का? कारण आता ती खरोखर अक्षरं वाचत होती. आपल्या लिपीत जे लिहिलंय ते म्हणायचं, एवढीच सवय. मधला डी दिसला, तिने म्हटला. नाईफमधला के दिसला, तोही म्हटला. ज्या चुकीवर तुझ्या मैत्रिणी लोळल्या, ती चूक म्हणजे तुझ्या आईला वाचता येऊ लागल्याची पहिली खूण होती. गोष्टीत ती ठेव, जरूर ठेव. पण कुठे ठेवायची ते कळू दे.

लिहिताना वेगळी अडचण. ‘मला दोन मुलं आहेत’ हे तिने जसंच्या तसं उचलून ‘मी टू चिल्ड्रन आर’ लिहिलं होतं. आपण सगळं ‘आहे’वर भागवतो, तिथे ‘हॅव’ लागतं. त्यावर तिने घरातल्याच वस्तूंची वाक्यं केली. आय हॅव अ गॅस. आय हॅव टू बकेट्स. वाण्याच्या हिशोबाच्या वहीत मागच्या बाजूने. मी ती वही पाहिली, पिंके. बेसन, साखर, आणि खाली ही वाक्यं.

आणि बोलणं? ते तिला अजून येत नाही. नुसत्या पुस्तकातून येतही नाही, समोर बोलणारं माणूस लागतं, आणि रात्री दहाला तू डुलक्या खायचीस. पण डायरी वाचता येते, औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचते, बँकेचा मेसेज वाचून पप्पांना सांगते. म्हणून ती टाळ्यांची पालकसभा मला खटकली. न्यायमूर्ती रानडे रात्री स्वतः शिकवायला बसायचे, तेव्हा रमाबाई शिकल्या. हुजूरपागा 1884 ला निघाली त्या सुमारास मुलींच्या हायस्कुलासाठी त्यांनी गव्हर्नरसमोर इंग्रजीत निवेदन वाचलं. पण 1910 च्या आपल्या आठवणींमध्ये त्यांनी घरातल्या बायकांची बोलणीही लिहिली, लपवली नाहीत. तुझ्या आईला शिकवायला दहा वर्षांची तू. तेवढंच लिही, पुरे आहे.

एक गोष्ट मला लागून राहिलीय. दौंड ते शिरूर अंतर ते काय? मी शेजारच्या तालुक्यात बाई, इंग्रजी शिकवणारी, आणि सख्खी धाकटी बहीण एकटी चाचपडत होती. दिवाळीत विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, “ताई, तुझ्यापुढं चुकायची लाज वाटायची.” मला सातवीनंतर शिकू दिलं, तिला नाही, घरात पैसा एकीपुरताच होता. ते ती कधी बोलली नाही. मीही नाही. तरुणपणी दर सुट्टीत माहेरी जायचे, तेव्हा तिच्याजवळ एखादं पुस्तक घेऊन बसले असते तर, असं आता झोप लागत नाही तेव्हा मनात येतं.

माझ्यापुढे लाज, नवऱ्यापुढे लाज, जावेपुढे लाज. तुझ्यापुढे नाही. तुझ्यापुढे ती हवं तसं चुकली, म्हणून तर शिकली. आता तेच तू भरल्या हॉलमध्ये माईकवर सांगणार, आणि ती तिसऱ्या रांगेत नवी साडी नेसून बसलेली असणार. म्हणून पुन्हा विचारते, तिला आधी वाचून दाखवशील ना? नको म्हणाली तर वाचू नकोस. हो म्हणाली तर बिनधास्त वाच.

फार बोलले का गं? गोष्ट वाईट नाही. झोपलेल्या लेकीच्या हातातून ती हळूच पुस्तक सोडवून घेते ते तू लिहिलंयस ना, तिथे मी थांबले, पुढचं दिसेना. असं लिहिणारी मुलगी आपल्या घरात झाली, आजी असती तर दृष्ट काढली असती.

येत्या रविवारी दोघी या. न्हावऱ्यावरून चौफुल्याला उतरलात तर मी घ्यायला येते. तुला आवडतात त्या शेंगोळ्या करीन. आईला सांग, वाण्याची ती वही आण म्हणावं, मला ती नीट, शेवटपर्यंत वाचायची आहे. आणि तू अंगावर काहीतरी जाड घेऊन ये, पहाटे गारठा पडतोय.

तुझी,
मोठी मावशी