मोठ्याने, गुणगुणत की मनात? एकच नाम, तीन रीती

नामजप सुरू केलेल्या साधकांचा एक प्रश्न नेहमी येतो. मानस जप सर्वांत श्रेष्ठ असे ग्रंथ सांगतात, मग पहिल्या दिवसापासून मनातच का करू नये? प्रश्नामागचा आधार खरा आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात जपयज्ञ विधियज्ञाच्या दहापट, उपांशु जप शंभरपट आणि मानस जप हजारपट श्रेष्ठ म्हटला आहे. पण ही उतरंड फळाची आहे, शिकण्याच्या क्रमाची नाही. 'जप्' या धातूचे धातुपाठात दोन्ही अर्थ दिलेले आहेत, स्पष्ट उच्चारणे आणि मनात म्हणणे. नवख्या साधकाने कोठून सुरुवात करावी, हे ठरवायला एक गोष्ट पाहणे अधिक उपयोगाचे ठरते : लक्ष सुटले की प्रत्येक रीतीत नेमके काय बिघडते, आणि ते आपल्याला कळते का?

विवेचनासाठी 'श्रीराम जय राम जय जय राम' हे तेरा अक्षरांचे नाम घेऊ. समर्थ रामदासांच्या परंपरेत आणि गोंदवलेकर महाराजांच्या अनुग्रहात ते आहे. केरळातील कान्हनगडच्या आनंदाश्रमाचे स्वामी रामदास यांनाही त्यांच्या वडिलांनी हेच नाम दिले होते, पुढे त्याच्या आरंभी ॐकार जोडला गेला. आपले नाम वेगळे असेल तर खालील आकडे बदलतील, हिशेबाची पद्धत तीच राहील.

मोठ्याने

मोठ्याने म्हणजे ओरडून नव्हे. समोर बसलेल्या माणसाला सहज ऐकू जाईल एवढाच आवाज पुरतो. एका नामाला सुमारे चार सेकंद लागतात, म्हणजे १०८ मण्यांची माळ साधारण सात मिनिटांत होते. एका उच्छ्वासात दोन किंवा तीन नामे सहज बसतात. नाम अर्धे तोडून श्वास घेऊ नये, 'जय जय राम'वर थांबून घ्यावा. असे केले की श्वास आपोआप संथ होतो. इटलीतील संशोधकांनी २००१ साली माळेवरची ख्रिस्ती प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हूँ' हा मंत्र म्हणणाऱ्यांचे श्वास मोजले, तेव्हा दोन्हींत श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास आली होती. त्यासाठी कोणी वेगळा प्राणायाम केला नव्हता. लय आणि वाक्याची लांबी यांनीच ते घडवले.

या रीतीत लक्ष सुटले तरी जीभ चालू राहते. मन भाजीच्या हिशेबात आणि तोंड नामात, अशी स्थिती येते. साधक याला दोष मानतात, पण नवख्यासाठी ही मोठी सोय आहे. मन परत येते तेव्हा नाम तेथेच चालू सापडते, ते नव्याने सुरू करावे लागत नाही. शिवाय कान ऐकत असतो. 'श्रीराम'चे 'शिराम' झाले किंवा दुसरा 'जय' गळाला, तर ते लगेच ऐकू येते.

बिघाड घशात होतो. दोन माळांनंतर घसा खरखरू लागला तर आवाज वाजवीपेक्षा मोठा आहे किंवा पट्टी चढलेली आहे. पट्टी उतरवावी, कोमट पाणी प्यावे, तरीही बरे वाटले नाही तर त्या दिवशी थांबावे. लहान नाम, समजा नुसते 'राम राम', भरभर म्हणताना मध्ये मोठे श्वास ओढले तर डोके हलके होते. हा काही अनुभव नव्हे, श्वासोच्छ्वास जास्त झाला एवढेच. वेग कमी केला की ते जाते.

मोठ्याने जप म्हणजे दिखावा असे मानणाऱ्यांनी हरिदास ठाकुरांचे चरित्र पाहावे. ते रोज तीन लक्ष नामे घेत. चैतन्य भागवतात प्रसंग आहे की एका ब्राह्मणाने त्यांना विचारले, नाम मनात घ्यायचे सोडून एवढ्या मोठ्याने का घेता? उत्तराचा भाव असा : मनात घेणारा स्वतःचे हित करतो, मोठ्याने घेणारा ऐकणाऱ्यांचेही करतो, आणि त्यांत बोलता न येणारे पशुपक्षीही आले.

गुणगुणत

इथे एक खुलासा हवा. ग्रंथांतला मधला जप म्हणजे उपांशु, त्यात ओठ हलतात, अक्षरे बनतात, पण शेजाऱ्याला ऐकू येत नाही. गुणगुणणे त्याहून वेगळे आहे, त्यात ओठ मिटलेले असतात आणि आवाज नाकातून येतो. आपल्याकडे दोन्हींना सर्रास एकच समजले जाते, म्हणून गोंधळ होतो. नाक चिमटीत धरून पाहा. उपांशु जप चालू राहील, गुणगुणणे तत्क्षणी बंद पडेल.

करण्याची रीत अशी. ओठ हलके मिटावेत, पण दात एकमेकांवर घट्ट बसवू नयेत. आधी दोन-तीन वेळा नाम मोठ्याने म्हणावे आणि मग त्याच लयीत ओठ मिटून चालू ठेवावे. थरथर ओठांवर आणि नाकाच्या मुळाशी जाणवली पाहिजे. ती गळ्यात अडकली तर पट्टी खाली-वर करून पाहावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ओठ मिटलेले असले तरी आत जीभ काम करीत राहिली पाहिजे. 'र' आला की जिभेचे टोक वर लागते, 'ज'ला जिभेचा मधला भाग उचलला जातो. जीभ निश्चल झाली की नाम गेले आणि फक्त चाल उरली, असे समजावे.

हाच या रीतीचा खास धोका. चाल इतकी सुखद असते की पाच मिनिटांनी आपण एखादे गाणे गुणगुणत आहोत असे लक्षात येते. म्हणून दर दहा मण्यांनी ओठ उघडून एक नाम स्पष्ट म्हणावे. ते म्हणताना क्षणभर अडखळायला झाले, तर मधली काही नामे नुसते सूर होते हे कळते.

सगळी नामे या रीतीला सारखी मानवत नाहीत. आपण 'राम' उच्चारतो तेव्हा शेवटी ओठ आपोआप मिटतात, म्हणून गुणगुणणे त्यातून सहज उगवते. 'विठ्ठल'चा शेवट उघड्या ओठांचा आहे, 'कृष्ण'चाही. ही नामे घेणाऱ्यांनी गुणगुणण्याऐवजी उपांशु जप करावा, असे माझे मत आहे. सर्दीने नाक चोंदले असेल तेव्हाही तेच करावे. गुणगुणल्याने नाकातील नायट्रिक ऑक्साइड वायूचे प्रमाण बरेच वाढते, हे स्वीडनमधील प्रयोगांत २००२ साली दिसून आले आहे. ते नाकासाठी असेल चांगले, पण त्यावरून नाम मुरले असे कोणी म्हणू नये. चित्रपटातले गाणे गुणगुणले तरी तो वायू तेवढाच वाढेल.

मनात

मानस जपात ओठ, जीभ, आवाज सगळे थांबते. येथे लक्ष सुटले की जपच थांबतो, आणि तो थांबल्याचे सांगायला कोणी साक्षी उरत नाही. बोटे मात्र सवयीने मणी ओढत राहतात. माळ पूर्ण होते, नामे चाळीसच झालेली असतात. पहिल्या दिवसापासून मनात करू नये, याचे कारण हेच.

बिघाड ओळखायला घड्याळ उपयोगी पडते. मनातले नाम बोलण्यापेक्षा थोडे जलद होते, सुमारे तीन सेकंदांत एक, म्हणजे माळ साडेपाच मिनिटांच्या आसपास. ती तीन मिनिटांतच संपली तर अक्षरे गिळली जात आहेत किंवा नामाविना मणी सरकत आहेत. दहा मिनिटे लागली तर मधे खंड पडले किंवा डुलकी लागली. घड्याळ रोज लावू नये, आठवड्यातून एकदा पुरे. रोज लावले तर जप घड्याळाचाच होतो.

सुरुवातीला जीभ किंचित हलते, हलू द्यावी. ती जबरदस्तीने दाबली तर सगळे लक्ष जिभेवरच जाते. श्वासाशी नाम जोडण्याचा खटाटोपही पहिल्या काही महिन्यांत नको, कारण श्वास मुद्दाम ओढला-सोडला जाऊ लागतो आणि छाती भरल्यासारखी वाटते. झोप येत असेल तर डोळे अर्धे उघडे ठेवावेत. मणी मधले बोट आणि अंगठा यांनी ओढावा, तर्जनी लावू नये, मेरुमणी ओलांडू नये. ही परंपरा आहेच, शिवाय मेरूपाशी माळ फिरवावी लागते, तेव्हा बोटांची झापड तुटते.

एक उदाहरण

समजा, एक साधिका बंगळुरूला सदनिकेत राहते. घरात सहा महिन्यांचे बाळ आहे. सकाळी तीस मिनिटे मिळतात, पण मोठ्याने म्हटले तर बाळ उठते. म्हणून तिने थेट मनात चार माळा सुरू केल्या. चार माळा बावीस मिनिटांत व्हायला हव्यात, तिच्या तेरा मिनिटांत होतात आणि उठल्यावर काहीच आठवत नाही.

तिने सकाळी चार माळांऐवजी दोनच घ्याव्यात, त्याही उपांशु, ओठ हलवून. स्वयंपाक करताना बाळ जागे असते, तेव्हा एक माळेएवढा जप, म्हणजे सात मिनिटे, मोठ्याने करावा. तेथे माळ नको, गॅससमोर हात मोकळे हवेत. बाळाला थोपटताना गुणगुणावे, ते तर त्याला आवडेलही. दोन आठवड्यांनी सकाळच्या दुसऱ्या माळेतले शेवटचे सत्तावीस मणी तेवढे मनात करावेत. नाम हरवले असे वाटले की मागे जाऊन मोजत बसू नये, पुढचे तीन मणी ओठ हलवून घ्यावेत आणि पुन्हा आत जावे. सत्तावीस मण्यांत हे तीनपेक्षा जास्त वेळा करावे लागले, तर आणखी एक आठवडा तेवढ्यावरच थांबावे. एखाद-दुसऱ्या वेळीच लागले, तर चोपन्न मणी मनात घ्यायला हरकत नाही.

बाळाला ताप असेल, रात्र जागून काढली असेल, त्या सकाळी मनातला भाग सरळ सोडून द्यावा. थकलेल्या डोक्याने मानस जप झोपेत विरतो. त्या दिवशी दोन्ही माळा ओठ हलवून कराव्यात. तेवढेही जमले नाही, तर थोपटतानाचे गुणगुणणे चालू ठेवावे, दर थोड्या वेळाने ओठ उघडून एक नाम पूर्ण म्हणत.