दोन हंगाम म्हणजे दोन वर्षं नव्हेत

बाळा, जामच्या सूतगिरणीत फिटर पाहिजे, ‘आयटीआय आणि 2 वर्षे अनुभव’ अशी जाहिरात दाखवलीस. तुझ्याकडे बारावी आहे आणि हिंगणघाटच्या जिनिंगमधले दोन हंगाम. अर्ज कर. फक्त मी सांगतो तसा कर.

आधी जाहिरात कोणाची ते बघ. सरकारी भरतीत अर्हता शेवटच्या तारखेला हातात नसेल, तर अर्ज कागदपत्रांच्या तपासणीतच पडतो. तिथं बोलण्याला वाव नाही. खासगी गिरणीचं वेगळं. तिला मशीन बंद राहायला नको असते, म्हणून चांगला हात दिसला तर ती अट सैल करू शकते.

आता अनुभव. जिनिंग दिवाळीच्या आसपास सुरू होतं आणि उन्हाळा लागेपर्यंत चालतं. म्हणजे तुझे दोन हंगाम धरून साधारण बारा महिने भरतात. ‘2 वर्षे’ लिहू नकोस. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, ते दोन ओळींत लिही. पीएफ कापला असेल तर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख त्या खात्यात दिसते, आणि गिरणीवाले ती पाहू शकतात. कापला नसेल तर जिनिंगच्या मालकाकडून तारखांसह पत्र घे. तो नाही म्हणणार नाही, हंगामात तू रात्रपाळ्या केल्या आहेस.

त्याखाली काम लिही, हुद्दा नाही. ‘डबल रोलर जिनचे रोलर बदलणे, रोलरवर खाचा पाडणे, सुऱ्यांचं अंतर लावणे, बेअरिंग व पट्टे बदलणे.’ सरकी फुटू लागली की तू आधी काय तपासायचास, तेही डोक्यात तयार ठेव. कारण खरा फिटर तेच विचारील.

मुलाखतीत उणीव त्यांनी काढायच्या आत तूच सांग, पण थोडक्यात: ‘साहेब, आयटीआय नाही, आणि रिंग फ्रेमवर मी काम केलेलं नाही. जिनिंगच्या मशीनचं मेंटेनन्स बारा महिने केलं आहे. मशीनवर उभं करून बघा.’ एवढं बोलून थांब. घरची परिस्थिती, कॉलेज का सुटलं, हे न विचारता सांगत बसू नकोस. उणीव मोठी वाटायला लागते. ‘आयटीआय चालू आहे’ असंही म्हणू नकोस. प्रवेश घेतला असेल तरच पावती दाखवून म्हण. अनुभवी कामगाराला बाहेरून परीक्षा देता येते का, त्याची चौकशी जवळच्या आयटीआयत या आठवड्यातच कर.

तरी ते हेल्पर म्हणून घेतो म्हणतील. मला त्यात कमीपणा दिसत नाही, रिंग फ्रेम तिथंच शिकशील. पण किती महिन्यांनी फिटरसाठी तुझी चाचणी घेणार आणि तेव्हा पगार किती, हे रुजू होण्याआधी विचार. मिळालेलं उत्तर नेमणुकीच्या पत्रावर लिहून माग.