स्वादुपिंडाच्या पेशीतील कॅल्शियमचा संदेश

जेवण पोटात उतरते तेव्हा स्वादुपिंडाच्या पेशींना पाचक रस सोडण्याची आज्ञा मिळते. मज्जातंतूंच्या टोकांतून बाहेर पडणारे ॲसिटिलकोलिन हे या आज्ञेचे एक रासायनिक रूप होय. मात्र ॲसिटिलकोलिन पेशीच्या आत जात नाही. पेशीपटलावरील एका प्रथिनाला चिकटून ते बाहेरच थांबते. आणि तरीही काही क्षणांत पेशीच्या दुसऱ्या टोकाशी साठवलेल्या कणिका पटलाशी एकरूप होऊन आपल्यातील विकरे बाहेर ओततात. दारावरचा निरोप आतल्या खोलीपर्यंत कोण पोचवते, हा प्रश्न शास्त्रज्ञांना दीर्घकाळ छळीत होता. निरोप्या कॅल्शियमचा आयन आहे, हे पुढे स्पष्ट झाले.

कॅल्शियमला हे काम करता येते याचे कारण पेशीने त्याला एरवी आत राहू दिलेले नसते. रक्ताच्या द्रवात मोकळ्या स्वरूपातील कॅल्शियम एका लिटरला सुमारे ४८ मिलिग्रॅम असते. विश्रांत पेशीच्या द्रवात तेच लिटरला जेमतेम ४ मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे बारा हजार पटींनी कमी असते. पेशीत फॉस्फेट विपुल असते, आणि कॅल्शियम व फॉस्फेट एकत्र आले की अविद्राव्य साका बनतो. तेव्हा कॅल्शियम बाहेर ठेवणे पेशीला भागच होते. पण या दक्षतेमुळे पेशीद्रव इतका रिकामा राहतो, की थोडेसे कॅल्शियम सुटले तरी त्याची पातळी पाच-दहा पटींनी चढते. निःशब्द खोलीत कुजबुजही ऐकू यावी, तसाच हा प्रकार म्हणावा लागेल.

हे कॅल्शियम कोठून येते? बाहेरून येते असे मानणे सोपे होते. परंतु बाहेरील द्रवातील कॅल्शियम काढून टाकले तरी पेशी थोडा वेळ प्रतिसाद देतच राहते, ही गोष्ट त्या समजुतीत बसत नव्हती. आतच कोठेतरी साठा असला पाहिजे. मग पटलावरची घटना त्या दूरच्या साठ्याला कशी कळते? १९८३ मध्ये जर्मनीतील हान्सपेटर श्ट्रेब व इरेने शुल्त्स आणि इंग्लंडमधील रॉबिन आयर्विन व मायकेल बेरिज यांनी याचे उत्तर दिले.

त्यांच्या प्रयोगाची मांडणी सरळ होती. उंदराच्या स्वादुपिंडातील पेशी सुट्या करून त्यांनी त्यांचे बाह्य पटल झिरपते केले, जेणेकरून बाहेर घातलेला पदार्थ थेट पेशीद्रवात जावा. भोवतालच्या द्रवात केवळ कॅल्शियमचीच नोंद घेणारा विद्युदग्र ठेवला. पेशींना एटीपी पुरवताच आतील साठा कॅल्शियम ओढून घेऊ लागला आणि विद्युदग्रावरील नोंद उतरत जाऊन स्थिर झाली. हा साठा तंतुकणिकांचा असण्याचा संभव होता. म्हणून तंतुकणिकांची कॅल्शियम घेण्याची क्रिया विषारी द्रव्यांनी आधीच बंद पाडली होती. मग इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट नावाचा एक लहान रेणू अत्यल्प प्रमाणात घातला. विद्युदग्रावरील नोंद झपाट्याने वर गेली. साठ्याचे दार उघडले होते! ॲसिटिलकोलिनने रिकामा होणारा साठा हाच असावा, असेही याच प्रयोगमालिकेतून सूचित झाले.

हा रेणू पेशीपटलातूनच येतो. ॲसिटिलकोलिन आपल्या प्रथिनाला चिकटले की पटलाच्या आतील बाजूचे एक विकर तेथील एका विशिष्ट मेदरेणूचे दोन तुकडे करते. एक तुकडा पटलातच राहतो. दुसरा, म्हणजे इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट, पाण्यात विरघळणारा असल्याने सुटून आत वाहत जातो. साठा आहे तो आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीभर पसरलेल्या पोकळ नळ्यांच्या व चपट्या पिशव्यांच्या जाळ्यात. जालिकेच्या भिंतीत चार घटकांनी बनलेल्या वाहिन्या आहेत. हा रेणू त्यांना चिकटला की त्या उघडतात आणि आत कोंडलेले कॅल्शियम बाहेर येते. या वाहिनीचा एक गुण विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. बाहेर आलेले थोडे कॅल्शियम तिला अधिक उघडते, पण ते पुष्कळ झाले की तिला बंद करते. त्यामुळे प्रवाह अखंड न वाहता ठोक्याठोक्याने येतो. पुढे कॅल्शियमबरोबर आपली चमक बदलणारी रंगद्रव्ये उपलब्ध झाली, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली हे ठोके प्रत्यक्ष दिसू लागले. उत्तेजन सौम्य असेल तर ते पेशीच्या ज्या टोकाशी कणिका असतात तेवढ्यापुरतेच उमटतात.

कॅल्शियमचा आयन स्वतः फारसे काही करीत नाही. त्याचा अर्थ लावणारे प्रथिन लागते. असे सर्वांत सर्वत्र आढळणारे प्रथिन म्हणजे कॅल्मोड्युलिन. १४८ अमिनो आम्लांच्या या लहानशा साखळीला दोन टोकांशी दोन गोलके असतात, आणि प्रत्येक गोलकात कॅल्शियम बसण्याच्या दोन जागा असतात. विश्रांत पेशीत या जागा बहुतांशी रिकाम्या असतात. पातळी चढली की त्या भरतात, गोलके उमलतात आणि आतील पाण्याला टाळणारा भाग उघडा पडतो. हा भाग आधार शोधू लागतो व दुसऱ्या एखाद्या प्रथिनाच्या पेचदार तुकड्याला दोन्ही हातांनी धरावे तसा धरून बसतो. ज्याला धरले त्याचे काम सुरू होते किंवा थांबते.

पेशीपटलावरील कॅल्शियमचा पंप हे याचे चांगले उदाहरण आहे. या पंपाचे शेपूट एरवी त्याच्याच यंत्रणेत अडकून तिला जवळजवळ थोपवून धरते. कॅल्शियमने भरलेले कॅल्मोड्युलिन ते शेपूट ओढून घेते, आणि मोकळा झालेला पंप कॅल्शियम बाहेर फेकू लागतो. म्हणजे निरोपच आपल्याला पुसून टाकणाऱ्याला जागा करतो. उरलेले कॅल्शियम जालिकेचे स्वतंत्र पंप परत आत घेतात. त्यांना प्रत्येक एटीपीमागे दोन आयन हलवता येतात.

ही पुसण्याची क्रिया निष्फळ ठरली तर काय होते, हे तीव्र स्वादुपिंडदाहात दिसते. मद्य व मेदाम्ले यांच्या संयोगाने बनणारी द्रव्ये, तसेच पित्ताम्ले, जालिकेतील कॅल्शियम सोडवतात. जालिका रिकामी झाली की पटलातील निराळ्या वाहिन्या उघडून बाहेरचे कॅल्शियमही आत येते. आता ठोके राहत नाहीत. पातळी चढलेलीच राहते. तंतुकणिका निकामी होऊन एटीपी घटते, एटीपीवाचून पंप थांबतात, आणि कॅल्शियम आणखी साचते. अशा पेशीत आतड्यात पोचल्यावर जागे व्हावयाचे ट्रिप्सिन पेशीतच जागे होते व तिलाच पचवू लागते.

येथे कॅल्मोड्युलिनचे आणखी एक काम उघड झाले. २०११ मध्ये युलिया जेरासिमेंको, ऑले पीटरसेन व त्यांचे सहकारी यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अखंड पेशींवर मद्यार्काचा परिणाम माफक दिसला. पण पटल छिद्रित केलेल्या पेशींत थोड्याशा मद्यार्कानेही कॅल्शियम सुटले आणि ट्रिप्सिन जागे झाले. छिद्रांतून पेशीद्रव वाहून जाताना त्यातील काही संरक्षक निघून गेले होते काय? पेशीत नेहमी असते तेवढे कॅल्मोड्युलिन परत घालताच दोन्ही परिणाम पुष्कळ कमी झाले, आणि कॅल्मोड्युलिनला अडवणारा पदार्थ घातल्यास हे संरक्षण नाहीसे झाले. ज्या उंदरांत जालिकेवरील वाहिन्यांच्या तीन प्रकारांपैकी दोन जनुकीय बदलाने काढून टाकले होते, त्यांच्या पेशींत मद्यार्काचा परिणाम फारच क्षीण होता. परंतु जेवणानंतर पाचक रस सोडण्यासाठी पेशीला याच वाहिन्या लागतात, त्यामुळे त्या सरसकट बंद करणारे औषध हा या आजारावरचा सोपा उपाय ठरत नाही.