राजस्थान: आधी परतीची गाडी ठरवा

प्रश्न: ठाण्याहून आम्ही चौघे जोधपूर, जैसलमेर, जयपूर आणि उदयपूर पाहणार आहोत. एकाच वाटेवर पुन्हा न येता, हॉटेलचा खर्च वाचवून क्रम कसा लावावा?

उत्तर: सुरुवात शेवटापासून करा. उदयपूर ते वांद्रे टर्मिनस ही रात्रीची थेट गाडी रोज नसते, म्हणून आधी तिचा वार पक्का करा आणि बाकीच्या तारखा मागे मोजत या.

क्रम असा ठेवा: वांद्र्याहून सूर्यनगरी एक्स्प्रेसने रात्रभरात जोधपूर. तिथून जैसलमेर दिवसाच्या गाडीने. प्रवास पाच-सहा तासांचाच, त्यात रात्र घालवली तर पहाटे उतरून खोलीसाठी ताटकळावे लागते. जैसलमेरहून संध्याकाळच्या दिल्ली गाडीने पहाटे जयपूर आणि जयपूरहून चेतक एक्स्प्रेसने सकाळी उदयपूर. चार रात्री गाडीत जातात, तेवढे हॉटेल वाचते. जोधपूरनंतर लगेच उदयपूर घेऊ नका. मधल्या अरवलीमुळे तिथे बसच सोयीची, शिवाय जयपूरनंतर परतीसाठी वेगळी गाडी शोधावी लागते.

चेतक जयपूरला मध्यरात्रीच्या आसपास येते. बारानंतर तारीख बदलते, म्हणून तिकीट जयपूर स्थानकावरच्या वेळेप्रमाणे काढा. आरक्षण साठ दिवस आधी उघडते. प्रत्येक गाडीचे वेगळे. सलग दोन रात्री गाडीत नकोत, म्हणून जयपूरला एक मुक्काम ठेवाच.