नुसता ‘निर्णय घ्या’ एवढंच मागू नका

निवृत्तिवेतन अडकलं की आमच्या शहापूर-मुरबाड पट्ट्यात दोन सल्ले फुकट मिळतात: आमदारांना भेटा, नाहीतर हायकोर्टात रिट टाका. पहिल्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. दुसरा बरोबर आहे, पण अर्धा. रिटमध्ये मागायचं काय, हे कोणी सांगत नाही.

मी शहापूर तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेतून निवृत्त झालो. प्रस्ताव अडला तो सेवापुस्तकातल्या वेतननिश्चितीच्या एका जुन्या नोंदीवर. शाळेने प्रस्ताव पाठवायचा, कार्यालयाने त्रुटी काढून तो परत करायचा. ती दूर केली की दुसरी निघायची. नकार मात्र कधीच नाही. मुरबाडकडचे माझे एक सहकारी याच फेऱ्यात होते आणि माझ्याआधी कोर्टात गेले. त्यांच्या याचिकेतली विनंती एका ओळीची होती: माझ्या अर्जावर निर्णय घेण्याचा आदेश द्यावा. न्यायालयाने आठ आठवड्यांची मुदत देऊन याचिका निकाली काढली. घरी पेढे वाटले गेले. मुदतीच्या आत कार्यालयाने निर्णय घेतलाही: प्रस्ताव अमान्य. आदेश पाळला गेला होता, त्यामुळे अवमानाचा प्रश्नच उरला नाही. त्या नकाराला आव्हान द्यायला पुन्हा नवी याचिका, पुन्हा वकिलांची फी.

संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालय कार्यालयाला त्याचं कायदेशीर कर्तव्य करायला लावू शकतं. वकील त्याला ‘मॅन्डॅमस’ म्हणतात. पण ते कर्तव्य कोणतं, हे याचिकेने दाखवावं लागतं. अर्जाला उत्तर देणं हे एक कर्तव्य, आणि निवृत्तिवेतन मंजूर करून देणं हे दुसरं. म्हणून माझ्या वकीलबाईंनी विनंत्या उतरत्या क्रमाने लिहिल्या. आधी निवृत्तिवेतन मंजूर करून थकबाकी द्यावी. मग उशिराचं व्याज: महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम 1982 मधला नियम 129-अ उपदानासाठी, 129-ब निवृत्तिवेतनासाठी. याचिका चालू असेपर्यंत तात्पुरतं निवृत्तिवेतन, नियम 126 प्रमाणे. ‘निर्णय घ्यावा’ ही विनंती अगदी शेवटी, आणि तीही ‘लेखी कारणांसह, ठरावीक मुदतीत’ अशी.

रिटमध्ये साक्षीपुरावे सहसा होत नाहीत, सगळं कागदावर चालतं. माझ्या कामी सर्वांत जास्त आली ती माहिती अधिकारात मिळवलेली फाइलवरच्या टिपणीची प्रत. जी त्रुटी कार्यालय मला दाखवत होतं, ती दूर झाल्याचं आतल्याच एका टिपणीत लिहिलेलं होतं. दुसरा कागद मागणीपत्राचा. आधी लेखी मागणी केलेली नसेल तर न्यायालय पहिला प्रश्न तोच विचारतं. पोच घेतलेलं एक नेमकं पत्र, त्यात निवृत्तीची तारीख, प्रस्तावाचा जावक क्रमांक आणि नियम, एवढं पुरतं.

पत्रं पाठवत राहून मुदत वाढते, असा आमच्याकडे एक गोड गैरसमज आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या सी. जेकब प्रकरणात सांगितलं की जुन्या दाव्यावर नुसतं उत्तर मिळालं म्हणून तो नव्याने जिवंत होत नाही. त्याच वर्षीच्या तरसेम सिंग प्रकरणात निवृत्तिवेतनाला थोडी सवलत आहे: दर महिन्याची रक्कम बुडते म्हणून उशिरा आलेली याचिकाही ऐकली जाते, मात्र थकबाकी साधारणपणे याचिकेच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. 2015 ला निवृत्त झालेला माणूस 2023 ला कोर्टात गेला, तर 2020 च्या आधीचे पैसे हातचे जाऊ शकतात. कार्यालयाची ‘पुढच्या महिन्यात या’ ही गोडी एवढी महाग पडते.

दार कोणतं, हेही आधी बघा. थेट राज्य शासनाच्या सेवेत होतात, म्हणजे तलाठी किंवा महसूल कारकून असाल, तर आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे ‘मॅट’. 1997 च्या चंद्रकुमार निकालानंतर थेट हायकोर्टात गेलात तर परत पाठवतात. अनुदानित शाळा किंवा जिल्हा परिषदेच्या सेवेतल्यांसाठी रिट हाच रुळलेला रस्ता. फीची अडचण असेल तर विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. 1987 च्या कायद्याने स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आमच्या भागातल्या ठाकूर, वारली, कातकरी कुटुंबांतल्या किती विधवांना हे माहीत असेल, कोण जाणे.

आदेश झाला की त्याची प्रमाणित प्रत काढून स्वतः कार्यालयात द्या आणि पोच घ्या. बरेचदा मुदत आदेश मिळाल्यापासून मोजायची असते, आणि ‘आम्हाला आदेश मिळालाच नाही’ हे उत्तर तयारच असतं. मुदत उलटली तर अवमान याचिका एका वर्षाच्या आत करावी लागते. माझ्या आदेशाची मुदत संपायला आली तेव्हा वकीलबाईंनी अवमान याचिकेचा मसुदा करून सरकारी वकिलांना नुसता कळवला. आठवड्याभरात शाळेत फोन आला, मूळ सेवापुस्तक घेऊन या.