तीनशे स्प्रिंकलर, पंप मात्र बाराचाच?

प्रश्न : भिवंडीत आमचे गोदाम आहे. छताला तीनशेहून अधिक स्प्रिंकलर आहेत, पण सल्लागाराने पंप फक्त बारा स्प्रिंकलरच्या हिशेबाने धरला आहे. हे पुरेल का?

उत्तर : पुरेल, पण हिशेब ज्या मालावर बेतला आहे तोच माल गोदामात असेल तर. प्रत्येक स्प्रिंकलरच्या तोंडाशी उष्णतेने फुटणारी किंवा वितळणारी कळ असते. ज्याच्याखाली आग, तोच उघडतो. सगळे एकदम सुटतात ते सिनेमात. ‘ईएसएफआर’ या मोठ्या थेंबांच्या, झटपट उघडणाऱ्या प्रकारासाठी एनएफपीए १३ हे मानक बारा स्प्रिंकलर धरायला सांगते : लगतच्या तीन नळ्यांवर प्रत्येकी चार, तेही पंपाला सर्वांत अवघड पडणाऱ्या कोपऱ्यातले.

समजा, छत ९ मीटर उंच आहे आणि रॅकवर साडेसात मीटरपर्यंत खोक्यांत भरलेला प्लास्टिकचा माल आहे. त्यासाठी २०२ के-फॅक्टरच्या स्प्रिंकलरला साडेतीन बार दाब लागतो. प्रवाहाचे सूत्र Q = K√P; म्हणजे एकातून मिनिटाला सुमारे ३७८ लिटर, बारांतून ४,५३६. पंपाच्या बाजूच्या स्प्रिंकलरना दाब थोडा जास्त मिळतो, म्हणून ४,७०० धरू. होजसाठी ९५० मिळवले की ५,६५० लिटर. तासभर पुरवायचे तर टाकी किमान ३ लाख ३९ हजार लिटरची हवी.

आता दाब. स्प्रिंकलरपाशी ३.५ बार, उंचीसाठी ०.९ आणि नळांतल्या घर्षणासाठी, समजा, १.४, एकूण ५.८ बार.

पंप निवडताना पाटीवरचा आकडा पुरत नाही, त्याचा आलेख मागवा. अग्निशमन पंपाने दीडपट प्रवाहालाही किमान ६५ टक्के दाब द्यावा, असा नियम आहे. ४,५५० लिटर, ७ बारचा पंप आपल्या ५,६५० लिटरला, नियमाच्या किमान मर्यादेवर, जेमतेम ५.८ बार देईल. घर्षणाचा अंदाज जरा चुकला की संपले. तोच पंप ८ बारचा घेतला तर सुमारे ६.६ बार मिळतात. मात्र झडप बंद असताना दाब १४० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ११.२ बारपर्यंत चढू शकतो. नळ आणि जोड तेवढा दाब सोसणारे आहेत ना, ते पाहा.

हिशेब बिघडतो तो नंतर. छत तेच राहते, पण रॅकवर आणखी एक थर चढतो किंवा खोक्यांऐवजी उघडा फोम येतो. मग साडेतीन बार आणि बारा स्प्रिंकलर हे दोन्ही आकडे लागू राहत नाहीत. स्प्रिंकलरच्या खाली किमान ९० सेंटीमीटर मोकळे हवे. भाडेकरू बदलला की मालाची यादी घेऊन सल्लागाराकडे पुन्हा जा.